अंडं पाण्यात तरंगलं म्हणजे नासलंच का? आणि टॉर्चवर नेमकं काय बघायचं?

वैनगंगा

चंद्रपूरला असते, मे महिना चालू आहे त्यामुळे घरात काय उकाडा असेल ते सांगायला नको. सासूबाईंनी आठवडी बाजारातून दोन डझन गावरान अंडी आणली. घरात आधीची पोल्ट्रीची पांढरी अंडी होती, साधारण अर्धा ट्रे, फ्रिजमध्ये जागा नव्हती म्हणून ओट्याखालीच ठेवलेली, दहा-बारा दिवस तरी झाले असतील. आज सगळी पाण्यात टाकून बघितली. गावरान सगळी तळाला आडवी झोपली. पांढरी मात्र जवळपास सगळी टोकावर उभी राहिली आणि दोन चक्क वर तरंगायला लागली. सासूबाई म्हणतात पांढरी सगळी फेक, गावरान ताजी आहेत ती वापर. घरात पाच वर्षांचा मुलगा आहे, रोज ऑम्लेट मागतो, म्हणून विचारते की हे एवढ्यावर ठरवायचं का? आणि ते टॉर्च लावून बघतात ते घरी जमतं का?

खवय्या_सदाशिव

सोपं आहे ताई. तरंगलं की फेका, बुडालं की खा. अंडं नासायला लागलं की आत गॅस तयार होतो आणि त्या गॅसमुळे ते वर येतं. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच करतात. फक्त पाण्यात चमचाभर मीठ घाला म्हणजे रिझल्ट पक्का मिळतो.

हॅचरीवाला

खवय्या, तरंगलेलं अंडं जुनं असतं हे बरोबर, पण कारण गॅस नाही आणि कारण चुकलं की पुढचा निर्णय पण चुकतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझी निम्मी नोकरी हॅचरीत गेली, अंडी दिव्यावर बघणं हेच काम होतं.

अंड्याचं टरफल कडक आहे, त्याचा आकार फुगत नाही. आत काहीही सडलं, गॅस झाला, तरी तो गॅस जोपर्यंत आत आहे तोपर्यंत अंड्याचं वजन तेवढंच राहणार ना? आकार तोच आणि वजन तेच, मग ते वर कसं येईल. वर येतं ते वजन कमी झाल्यावर. टरफलाला हजारो बारीक छिद्रं असतात, त्यातून आतलं पाणी वाफ होऊन रोज थोडं थोडं बाहेर जातं आणि तेवढी हवा आत येऊन जाड टोकाकडच्या पोकळीत भरते. अंडं घातलं जातं तेव्हा ते कोंबडीच्या अंगाएवढं गरम असतं, गार होताना आतला माल आकसतो आणि ती पोकळी तयार होते, मग दिवसागणिक वाढत जाते. आधी जाड टोक उचललं जातं, मग अंडं उभं राहतं, शेवटी तरंगतं.

आता हिशोब करून बघा. समजा ताजं अंडं ५४ ग्रॅमचं आहे. ताज्या अंड्याची घनता साधारण १.०८ असते, म्हणजे त्याने व्यापलेली जागा झाली ५० मिली. म्हणजे हे अंडं ५० ग्रॅमच्या खाली गेलं की तरंगणार, चार ग्रॅम पाणी गेलं की खेळ संपला. आता चार ग्रॅम जायला किती दिवस? आमच्या मशीनमध्ये ३७.५ डिग्रीला आणि ५०-५५ टक्के दमटपणात अंडं पहिल्या अठरा दिवसांत बारा टक्क्यांच्या आसपास वजन गमावतं, म्हणजे ५४ ग्रॅमच्या अंड्याचं दिवसाला साधारण पाव ते अर्ध्या ग्रॅमच्या मध्ये कुठेतरी. त्या हिशोबाने अकरा-बारा दिवसांत चार ग्रॅम गेले. वैनगंगाताईंच्या ओट्याखाली मे महिन्यात तापमान तेवढंच असणार आणि हवा तर मशीनपेक्षा कोरडी. त्यामुळे दहा-बारा दिवसांत अंडी उभी राहिली, दोन तरंगली, यात नवल काहीच नाही. हीच अंडी फ्रिजमध्ये असती तर एवढं पाणी जायला कितीतरी जास्त वेळ लागला असता.

म्हणजे पाण्याची टेस्ट सांगते ती एकच गोष्ट, पाणी किती उडालं. आत जंतू आहेत का, बलक फुटलाय का, हे ती सांगत नाही. ताई, पांढरी फेकू नका आणि गावरान वापरू पण नका, आधी दोन्ही टॉर्चवर बघा. मला उलट गावरानचीच काळजी वाटते, कारण बाजारातल्या गावरान अंड्यांत कोंबडा फिरलेला असतो.

खवय्या_सदाशिव

पण नासलेलं अंडं तरंगतं हे मी स्वतः बघितलंय.

हॅचरीवाला

बघितलं असेलच, नासलेलं अंडं बहुतेक वेळा जुनं पण असतं आणि सडताना झालेला गॅस छिद्रांतून निघून गेला की वजन आणखी उतरतं. पण त्यावरून तरंगलेलं प्रत्येक अंडं नासलेलं होत नाही, आणि बुडालेलं प्रत्येक अंडं चांगलं तर अजिबात होत नाही.

राधा_कुडाळ

हे वाचून एक कोडं सुटलं. आमच्याकडे पावसाळ्यात अंडी पाण्यात अगदी शहाण्यासारखी तळाला बसतात आणि फोडली की बलक पसरलेला, कधीकधी वास पण. आई म्हणायची पावसात पाण्याची परीक्षा मानू नये. हवेत एवढी ओल की अंड्यातलं पाणी उडणारच नाही, बरोबर ना?

हॅचरीवाला

अगदी बरोबर. हवा दमट असली की पाणी हळू उडतं, पोकळी लहान राहते, अंडं बुडतं. पण आतला पांढरा पातळ होणं वेगळ्या कारणाने होतं. ताज्या अंड्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो बाहेर निघून जातो तसा पांढऱ्याचा जाडसरपणा मोडतो आणि गरम जागी हे भराभर होतं. वर दमट हवेत टरफलावर बुरशी चढते आणि छिद्रांतून आत उतरते. विदर्भातल्या मे महिन्यात पाण्याची टेस्ट अंड्याला आहे त्यापेक्षा म्हातारं दाखवते आणि कोकणात जुलैमध्ये तरुण दाखवते. तुमच्या आईंचं निरीक्षण सोन्यासारखं आहे.

बारामती_शेत

माझा पण अंड्यांचाच प्रश्न आहे म्हणून इथेच विचारतो. खुडूक कोंबडी रवणीला बसवलीय, आज अठरावा दिवस आहे. शेजारचे काका म्हणाले कोमट पाण्यात सोड, तरंगेल ते नासकं काढून टाक. हॅचरीवाले दादा, सोडू का?

हॅचरीवाला

नका नका, दादा! वरचा हिशोब परत बघा, अठरा दिवसांत बारा टक्के वजन जातं आणि तरंगायला सात-आठ टक्के पुरे होतात. म्हणजे या दिवशी जिवंत पिल्लू असलेलं अंडं पण तरंगणारच, तुम्ही चांगली अंडी फेकाल. शिवाय पिल्लू आता त्या छिद्रांतूनच श्वास घेतंय, टरफलाला बारीक चीर असेल तर पाणी आत जाऊन पिल्लू मरतं. रात्री कोंबडीखालून एक-एक काढून टॉर्चवर बघा. जाड टोकाला उजेडाची पोकळी आणि बाकी सगळं काळं भरलेलं दिसलं तर पिल्लू आहे. आरपार उजेड दिसला तर ते वांझ, काढून टाका. शंका असेल ते तसंच राहू द्या, तीन दिवसांत कळेलच.

बारामती_शेत

बरं झालं विचारलं. आज रात्री बघतो.

वैनगंगा

दादा मग मला पण सांगा ना टॉर्चवर नीट कसं बघायचं, मी आत्ता मोबाईलचा फ्लॅश लावून बघितलं तर सगळा उजेड बाजूनेच डोळ्यात येतोय, अंड्यात काहीच दिसत नाही.

हॅचरीवाला

बाजूचा उजेड अडवला की निम्मं काम झालं. जाड काळा पुठ्ठा घ्या, त्याला रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडा, अंड्याच्या जाड टोकापेक्षा लहान हवं. पुठ्ठा फ्लॅशवर चिकटवा. खोलीत पूर्ण अंधार करा, दुपारी पडदे लावून भागत नाही, रात्री बघा आणि दोन मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या.

अंड्याचं जाड टोक भोकावर थोडं तिरपं टेकवा. पहिल्यांदा पोकळी दिसेल, वरच्या टोकाला उजळ गोल भाग आणि त्याखाली स्पष्ट रेघ. त्या रेघेवर पेन्सिलीने खूण करा आणि टोकापासून खोली पट्टीने मोजा. आपल्याकडे अ‍ॅगमार्कच्या प्रतवारीत ए ग्रेडला ही पोकळी ४ मिलिमीटरपर्यंत आणि बी ग्रेडला ८ पर्यंत चालते, त्यावरून अंदाज येईल.

मग अंडं दोन बोटांत धरून मनगटाला झटका देत उजवीकडे-डावीकडे फिरवा आणि थांबवा. यातच खरी गंमत आहे. ताज्या अंड्यात जाड पांढरा बलकाला मध्ये धरून ठेवतो, त्यामुळे बलकाची नुसती अंधूक सावली दिसते, कडा कळत नाही, आणि ती अंड्याबरोबर फिरून अंड्याबरोबर थांबते. जुन्या अंड्यात पांढरा पातळ झालेला असतो, बलक टरफलाजवळ सरकतो, सावली गडद, कडा स्पष्ट, आणि अंडं थांबलं तरी ती आत फिरत राहते. पोकळीवरून कळतं पाणी किती गेलं, सावलीवरून कळतं पांढरा किती मोडलाय. पाण्याच्या टेस्टमध्ये हे दुसरं कधीच कळत नाही.

आणि मुख्य म्हणजे गावरान अंड्यात लाल रेषा किंवा लाल गोल कडं दिसतंय का बघा. तपकिरी टरफलातून उजेड कमी जातो, त्यामुळे फ्लॅश पुरला नाही तर चांगली बॅटरी घ्या. गडद तपकिरी अंड्यात बलकाची सावली आम्हालाही दिसायला त्रास व्हायचा.

मंजिरी_म्युनिक

इथे जर्मनीत दुकानातल्या अंड्यांवर उत्तम कधीपर्यंत ती तारीख असते, घातल्यापासून २८ दिवस. आणि पोकळी ६ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर ते ए वर्गात बसत नाही. पॅकिंगच्या जागीच दिव्यावरून जातात, त्यामुळे घरी कोणी बघत नाही. मी तरी तारीख उलटलेली अंडी पाण्यात टाकून बघते, उभी राहिली तर केक, तरंगली तर कचरा. राधा म्हणतेय तसं दमट हवेत फसगत होऊ शकते हे डोक्यात नव्हतं, पण माझ्या घरी अंडी फ्रिजमध्येच असतात.

अण्णा_मास्तर

खवय्यांच्या मिठाबद्दल लिहितो, तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय. चमचाभर मीठ घालून काही होत नाही, फक्त गोंधळ वाढतो कारण किती मीठ, किती पाणी हे माहीत नसतं आणि मिठाने पाणी जड झालं की चांगलं अंडं पण वर येतं. पण कल्पनेत तथ्य आहे. मोजून १०० ग्रॅम मीठ आणि ९०० ग्रॅम पाणी घेतलं तर त्या द्रावणाची घनता साधारण १.०७ येते. अगदी ताजं, १.०८ च्या वरचं अंडं त्यात बुडेल आणि थोडंफार वजन गेलेलं तरंगेल. म्हणजे साधं पाणी फार जुनं अंडं वेगळं काढतं आणि मोजलेलं मिठाचं पाणी नवं आणि थोडं जुनं यातला फरक दाखवतं. फक्त त्यात तरंगलं म्हणून फेकायचं नाही, कारण ते एका आठवड्याचं उत्तम अंडं पण असू शकतं.

खवय्या_सदाशिव

म्हणजे मीठ अगदीच चुकीचं नव्हतं. मोजून करून बघेन.

वैनगंगा

सगळ्यांना रिपोर्ट देते. काल रात्री सासूबाई आणि मी दोघी बसलो, पुठ्ठा लावून बघितलं.

पांढऱ्या उभ्या राहिलेल्या अंड्यांत पोकळी मोठी, पट्टीने मोजली तर बहुतेक ८ च्या वरच. बलकाची सावली गडद आणि झटका दिला की आत गरगर फिरते. तरंगलेल्या दोनपैकी एकात पण असंच, फक्त पोकळी आणखी मोठी. दुसरं मात्र आरपार काळंकुट्ट, उजेड जातच नाही, पोकळीची रेघ पण हलत होती. ते फोडलंच नाही.

पण खरा धक्का गावरान अंड्यांनी दिला. पाण्यात आडवी झोपलेली, पोकळी छोटीशी, आणि तीन-चार अंड्यांत मध्ये गडद ठिपका आणि त्याच्या भोवती लाल रेषा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या. एकात लाल कडं होतं, गोल, त्याच्या आत काही नाही. सासूबाई एकदम गप्प झाल्या. बाकीची गावरान छान, सावली अंधूक.

हॅचरीवाला

ज्याची भीती वाटत होती तेच झालं. फलित अंडं ३७-३८ डिग्रीच्या आसपास ठेवलं की त्याला कोंबडी लागत नाही, चंद्रपूरचा मे पुरतो. बाजारवाल्याच्या टोपलीत चार-पाच दिवस गरम राहिलं की रक्तवाहिन्या दिसायला लागतात. लाल कडं म्हणजे आतला जीव वाढता वाढता मेला, दिवसा ऊन आणि रात्री गार असं झालं की होतं ते. ही अंडी चार-पाच दिवसांचीच होती म्हणून पाणी फारसं उडालं नव्हतं, म्हणून बुडाली. पाण्याच्या टेस्टने यांना पास केलं असतं आणि पोराच्या ऑम्लेटमध्ये ते निघालं असतं. रेषावाली आणि कड्यावाली काढून टाका. बाकीची गावरान आजच फ्रिजमध्ये ठेवा, थंडीत वाढ थांबते.

नुसता लाल ठिपका, रेषा नसलेला, बलकाला चिकटलेला दिसला तर घाबरू नका. अंडं तयार होताना कोंबडीची बारीक रक्तवाहिनी फुटली की असा ठिपका येतो, पोल्ट्रीच्या वांझ अंड्यात पण येतो. खायला हरकत नाही, नको वाटलं तर चमच्याने काढा.

उभ्या राहिलेल्या पांढऱ्यांचं म्हणाल तर मी मुलाला देणार नाही, पण सरसकट फेकणार पण नाही. एक-एक वेगळ्या वाटीत फोडा. बलक फुटून पसरला किंवा जराही वास आला तर टाका. वास नसेल, पांढरा नुसता पातळ असेल तर मोठ्यांसाठी बलक पूर्ण घट्ट होईपर्यंत शिजवा. आणि साल्मोनेलाचं लक्षात असू द्या, तो जंतू कधी कोंबडीच्या पोटातूनच अंड्यात येतो, असं अंडं बुडतं पण छान आणि टॉर्चवर दिसतं पण छान. त्यावर उपाय पूर्ण शिजवणे हाच. घरचं मेयोनीज किंवा कच्चं अंडं दुधात, हे कुठल्याही टेस्टच्या भरवशावर मुलाला देऊ नका.

मंजिरी_म्युनिक

आमच्याकडे मुलं मऊ उकडलेलंच मागतात. तारखेच्या आतल्या, फ्रिजमधल्या अंड्याचं मी देते, इतकं पण घाबरायचं का?

हॅचरीवाला

तुमच्याकडची पद्धत वेगळी आहे, तारीख छापलेली, अंडी घरी फ्रिजमध्ये. मी ओट्याखालच्या अंड्यांबद्दल बोलतोय. तरी माझं मत तेच राहील, पाच वर्षांखाली बलक घट्ट.

राधा_कुडाळ

एक शंका. पाण्यात तपासलेली अंडी पुसून परत ठेवली तर चालतात ना? मी तर सगळी आणल्याबरोबर धुते, गावरान अंड्यांना विष्ठा लागलेली असते.

हॅचरीवाला

तपासलेलं अंडं त्याच दिवशी वापरा, परत साठवू नका. टरफलावर नैसर्गिक पातळ थर असतो जो छिद्रं झाकतो, तो धुतल्याने जातो. आणि गरम अंडं गार पाण्यात टाकलं की आतला माल आकसतो आणि छिद्रांतून पाणी आत ओढलं जातं, पाण्यातली घाण पण बरोबर. धुवायचंच असेल तर वापरायच्या आधी, आणि पाणी अंड्यापेक्षा जरा कोमट.

राधा_कुडाळ

मला नाही पटत पूर्ण. विष्ठा लागलेली अंडी फ्रिजमध्ये भाजीशेजारी ठेवायची हे जास्त घाण नाही का? मी धुऊन, नीट कोरडी करून आठवड्याच्या आत संपवते, आजवर काही झालं नाही.

हॅचरीवाला

लगेच कोरडी करून थंड ठेवत असाल आणि आठवड्यात संपवत असाल तर धोका कमी आहे हे मान्य. मी असतो तर कोरड्या खरखरीत कापडाने घासली असती आणि झाकणाच्या डब्यात वेगळी ठेवली असती.

अण्णा_मास्तर

जाता जाता एक विचारतो. काही ठिकाणी अंड्यांना पातळ तेल लावून साठवतात. मग तर छिद्रंच बुजली, पाण्याची टेस्ट पूर्ण निकामी?

हॅचरीवाला

हो मास्तर, बरोबर पकडलंत. तेल लावलेलं अंडं महिनाभराचं असलं तरी आडवं झोपू शकतं, आणि टॉर्चवर पोकळी पण लहानच दिसते, कारण दोन्ही गोष्टी पाणी उडण्यावरच चालतात. कार्बन डायऑक्साइड पण आतच अडकतो त्यामुळे पांढरा बराच काळ जाड राहतो, म्हणजे खायला ते खरंच बरं असतं. पण वय ओळखता येत नाही. टरफल बोटाला गुळगुळीत, किंचित चमकदार लागलं तर पोकळीवर जाऊ नका, झटका देऊन बलकाची सावली बघा आणि वाटीत फोडूनच ठरवा.

बारामती_शेत

काल रात्री बघितली दादा. बारापैकी नऊ काळी भरलेली, दोन आरपार, एकाचं कळत नाही. ते एक तसंच ठेवलंय.